बसताय न्हवं?

भाषण करायचं ठरलं तेव्हा माझ्या हाताशी नऊ दिवस होते. त्यातले पहिले पाच मी चुकीचं भाषण लिहिण्यात घालवले.

मी कोल्हापुरातल्या एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवतो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटची तयारी करून घेणं, फलकलेखन, स्नेहसंमेलनाचे फोटो काढणं ही माझी नेहमीची कामं. एकाचा चेहरा दुसऱ्याच्या अंगावर लावणाऱ्या मोबाइलवरच्या फेस स्वॅप अ‍ॅपबद्दल शाळेसमोर बोलायचं ते खरं तर संगणकाच्या सरांनी. पण ज्या फोटोतून हे सगळं झालं तो मीच काढलेला होता, म्हणून मी बोलतो म्हणालो. मुलीची ओळख पटेल असे काही तपशील इथे बदलले आहेत.

पावसाळ्यात पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळ 39 फुटांची इशारा पातळी ओलांडायला लागली, की नदीकाठच्या गावांतून येणारी मुलं अडकतात आणि शाळेला सुट्टी मिळते. मुलं दिवसभर घरात, बाहेर पाऊस, हातात घरच्यांचा मोबाइल. अशाच एका सुट्टीनंतर शाळा भरली आणि नववीतली एक मुलगी चार दिवस आलीच नाही. पाचव्या दिवशी तिची आई एकटी आली. ऑफिसात न जाता थेट चित्रकलेच्या वर्गात आली आणि मोबाइल माझ्यासमोर धरला.

अकरा सेकंदांचा व्हिडिओ होता. कुठल्याशा कार्यक्रमात तोकड्या कपड्यांत नाचणारी एक बाई, आणि तिच्या धडावर आमच्या विद्यार्थिनीचा चेहरा. वर्गातल्याच एका मुलानं तो बनवला होता, चौदा जणांच्या ग्रुपवर टाकला होता, आणि तिथून तो पुढे गेला होता.

माझी नजर आधी मानेकडे गेली. पोर्ट्रेट करणाऱ्याला ती सवयच असते. चेहऱ्यावर समोरून सपाट उजेड होता, मानेवर मात्र डावीकडून पिवळा दिवा. चेहरा पुसल्यासारखा गुळगुळीत, गळ्याची कातडी खरबरीत. नाचता नाचता हात कपाळासमोरून गेला तेव्हा बोटं क्षणभर विरघळली. मी मोठ्या उत्साहानं तिला दाखवायला लागलो. "ताई, हे बघा, हे खोटं आहे. मान बघा, उजेड बघा."

ती म्हणाली, "सर, खोटं हाय ते सगळ्यांस्नी ठावं हाय. तरीबी पोरगी घरातनं बाहेर पडंना झालीया."

मला उत्तर सुचलं नाही. काहीतरी करायचं म्हणून मी म्हटलं, "मला तो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, मी मुख्याध्यापकांना दाखवतो." तिनं मोबाइल मागे घेतला. "न्हाई पाठवणार. ज्याला बघायचंय त्यानं ह्यातच बघावं." मला ते जरा लागलं. दोन दिवसांनी कळलं की बरोबर तीच होती. तोवर आमच्याच एका सहकाऱ्यानं 'माहितीसाठी' म्हणून तो व्हिडिओ शिक्षकांच्या ग्रुपवर टाकून झाला होता. म्हणजे चौदा मुलांनंतर आम्ही एकवीस मोठ्या माणसांनी तो पाहिला, आणि त्यातल्या एकालाही त्या क्षणी वाटलं नाही की आपणही तेच करतोय.

पुढची तक्रारीची वाट थोडक्यात सांगतो. शाळेत आधी 'आपापसात मिटवू' असा सूर होता. पण मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार असा गुन्हा घडल्याचं कळलेल्या कुणालाही पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि संस्थेच्या प्रमुखानं ते दडपलं तर त्याला वेगळी शिक्षा आहे. मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असलेल्या सखी सावित्री समितीच्या बैठकीत एका पालक वकील बाईंनी हे वाचून दाखवलं आणि विषय संपला. मुख्याध्यापकांनी कळवलं. त्या मुलाचं पुढे काय झालं ते मी लिहिणार नाही. तोही अल्पवयीन आहे, आणि बाल न्याय कायद्यानं त्याचीही ओळख झाकलेली आहे.

आता भाषण.

पहिला मसुदा मी सायबर पोलीस ठाण्यातल्या एका महिला उपनिरीक्षकांना दाखवायला नेला. सहा पानं होती. पहिल्या दोन पानांत ही अ‍ॅप कशी चालतात, पुढच्या दोन पानांत खोटा व्हिडिओ कसा ओळखायचा, शेवटी कलमं आणि 'तुरुंगात सडाल' असली वाक्यं. चार स्क्रीनशॉटही होते, एका अ‍ॅपचे. त्यांनी चहा येईपर्यंत सगळं वाचलं आणि पेन काढलं.

स्क्रीनशॉट आधी गेले. "सर, सहाशे मुलांतल्या साडेपाचशेंना हे अ‍ॅप माहीत नसेल. तुम्ही आज माहीत करून देणार." मग 'तुरुंगात सडाल' गेलं. त्यांचं म्हणणं असं, की अठराच्या आतल्या मुलाला तुरुंगात घालत नाहीत. त्याला बाल न्याय मंडळासमोर नेतात. तिथे समुपदेशन असतं, समाजसेवा असते, देखरेख असते. मुलं हे दोन मिनिटांत शोधून काढतात, आणि एक धमकी खोटी निघाली की बाकीचं भाषणही खोटं ठरतं. "खरं आहे तेवढंच सांगा, ते पुरेसं जड आहे."

खरं काय आहे, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 67ब मुलांना अश्लील किंवा असभ्य रीतीनं दाखवणारी डिजिटल चित्रं तयार करण्याला आणि पसरवण्याला लागू होतं. पहिल्या वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. पोक्सोत 2019 साली दुरुस्ती झाली तेव्हा व्याख्येत संगणकानं बनवलेली, किंवा बदल करून मुलासारखी दिसणारी प्रतिमाही आली. म्हणजे 'तो खरा फोटो नव्हताच' ही सबब कायद्यानं आधीच काढून घेतली आहे. अमुक व्हिडिओ त्या व्याख्येत बसतो की नाही हे तपासात ठरतं. ते व्यासपीठावरून मी ठरवायचं नाही, हेही त्यांनी बजावलं.

खोटं कसं ओळखायचं, ही दोन पानं मात्र मीच फाडली. ती मला फार आवडली होती. पण त्या आईचं वाक्य आठवलं की ती वाचवेनात. शिवाय त्या खुणा टिकणाऱ्याही नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवरून दोनदा-तीनदा पुढे गेलेल्या व्हिडिओचा दर्जा इतका घसरतो की गुळगुळीत चेहरा आणि खरबरीत मान हा फरकच उरत नाही. मी पहिल्या दिवशी पाहिलेली प्रत बरी होती. ग्रुपवर आलेल्या प्रतीत मला स्वतःला काही सांगता आलं नसतं.

आणखी एक वाक्य मी तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं: 'मुलींनो, आपले फोटो टाकू नका.' आमच्याकडे ते सगळ्यात सोपं वाक्य आहे, कुणीही टाळ्या वाजवतो. पण त्या मुलीनं फोटो टाकलाच नव्हता. तिच्या नावानं कुठे खातंही नव्हतं. स्नेहसंमेलनात बक्षीस घेताना मी तिचा जवळून फोटो काढला, समोरून फ्लॅश टाकून, आणि शाळेच्या पानावर चढवला. चेहऱ्यावरचा तो सपाट उजेड माझ्याच फ्लॅशचा होता.

हे का पुरतं, ते समजून घ्यायला मला एका अभियंता मित्राची मदत घ्यावी लागली. माझी समजूत होती की चेहरा कापून दुसरीकडे चिकटवतात, आणि त्यासाठी बरेच फोटो लागत असतील. तसं नाही. हे सॉफ्टवेअर फोटोत डोळे, नाक, ओठांचे कोपरे असे बिंदू शोधतं, चेहरा सरळ करून घेतं आणि 'हा चेहरा कुणाचा' याची आकड्यांची एक ओळ बनवतं. मग त्या आकड्यांवरून दुसऱ्याच्या डोक्यावर तो चेहरा नव्यानं रंगवतं, प्रत्येक फ्रेममध्ये, त्या माणसाचे हावभाव राखून. बऱ्याच वापरात असलेलं एक मॉडेल तर फक्त 128 बाय 128 ठिपक्यांच्या चौकोनात चेहरा रंगवतं आणि मग तो ताणून मोठा करतं. चेहरा गुळगुळीत दिसतो तो त्यामुळे. कान, केस, मान मूळ माणसाचीच राहते. आणि या सगळ्याला एक फोटो पुरतो. ओळखपत्राचा चालतो, पहिल्या रांगेतल्या ग्रुप फोटोतला चालतो. फोटो न टाकणं हा बचाव असेल तर मग मुलींनी परीक्षेचा फॉर्मही भरायला नको.

म्हणून भाषणाचं तोंड मुलींकडून वळवून बनवणाऱ्याकडे आणि पुढे पाठवणाऱ्याकडे करायचं ठरलं. फक्त नववीसमोर बोललो असतो तर सगळ्या माना एकाच बाकाकडे वळल्या असत्या. म्हणून आठवी ते दहावी, दोन तुकड्यांत, सभागृहात. घटनेचा उल्लेख करायचा नाही. तारीखही मुद्दाम पुढे ढकलली, आणि मुलीच्या आईला आधी भाषण वाचून दाखवलं. तिनं एकच बदल सुचवला. मी लिहिलं होतं, 'अशा मुलीचं आयुष्य उद्ध्वस्त होतं.' ती म्हणाली, "तेवढं काढा. माझी लेक उद्ध्वस्त झाल्याली न्हाई." काढलं.

त्या दिवशी मी सुरुवात कलानिकेतनातल्या आठवणीनं केली. आम्ही शिकत होतो तेव्हा पोर्ट्रेटच्या तासाला महाद्वार रोडवरचे एक म्हातारे मामा मॉडेल म्हणून बसायला यायचे. फेटा, पांढऱ्या मिशा, गालावर खोल सुरकुत्या. आम्ही पंचवीस जण कागद लावून तयार असायचो, पण आमचे सर आधी त्यांच्यासमोर जाऊन विचारायचे, "मामा, बसताय न्हवं?" ते पैसे घ्यायचे, बसायलाच आलेले असायचे, तरी सर रोज विचारायचे. एके दिवशी मामा म्हणाले, "आज न्हाई, आज मन लागंना." सरांनी त्यांना चहा पाजला, दिवसाचे पैसे दिले आणि आम्हाला बरण्या-सफरचंदं काढायला बसवलं. आणि चित्र पुरं झालं की ते मामांना दाखवायचं, हा दुसरा नियम. एकानं त्यांचं नाक गंमत म्हणून भोपळ्याएवढं काढलं होतं. मामा काही बोलले नाहीत, फेटा नीट करत उठून गेले. सरांनी त्या मुलाला तो कागद फाडायला लावला नाही. त्यांनी त्याला मामांच्या घरी पाठवलं, कागद हातात घेऊन.

मग मी मुलांना सांगितलं: "तुमच्या मोबाइलमध्ये आज आमच्या अख्ख्या वर्गापेक्षा वेगानं चेहरा रंगवणारं यंत्र आहे. ते कसं चालतं ते मी सांगणार नाही. त्यात दोन गोष्टी गाळल्या गेल्यात तेवढं सांगतो. ते समोरच्याला विचारत नाही, बसताय का. आणि झालेलं चित्र त्याला आधी दाखवत नाही, बाकी सगळ्यांना दाखवतं. वर्गातल्या कुणाचा चेहरा वापरायचा असेल तर आधी त्याला विचारा. झाल्यावर पहिल्यांदा त्याला एकट्याला दाखवा. तो 'काढ' म्हणाला तर तिथल्या तिथे काढा. आणि जे त्याच्या आईसमोर उघडता येणार नाही ते विचारूनही बनवू नका. अठराच्या आतल्या मुलाचं तसलं चित्र त्याच्या होकारानंही गुन्हाच राहतं."

कायद्याचं मी चार वाक्यांत सांगितलं आणि स्पेनमधल्या आल्मेंद्रालेहो या गावाची हकिकत सांगितली. ते सांगणं गरजेचं वाटलं, कारण त्यात मुलं आमच्या मुलांएवढीच होती. 2023 साली तिथल्या वीसहून अधिक मुलींचे साधे, अंगभर कपड्यांतले फोटो घेऊन अ‍ॅपमधून नग्न चित्रं बनवली गेली आणि ग्रुपवर फिरली. बनवणारी-पसरवणारी मुलं ओळखीचीच होती. 2024 मध्ये पंधरा अल्पवयीन मुलांना एक वर्षाची देखरेखीची शिक्षा झाली, आणि स्त्री-पुरुष समानता व तंत्रज्ञानाचा जबाबदार वापर यांचे वर्ग सक्तीनं करावे लागले. सभागृहात कुणी हसलं नाही. 'तुरुंगात सडाल' पेक्षा हे त्यांना खरं वाटलं असावं.

सगळ्यात जास्त वेळ मी एका गोष्टीला दिला: असं काही तुमच्याकडे आलं तर हातानं नेमकं काय करायचं. कारण इथेच आम्ही मोठी माणसं चुकलो होतो. पुढे पाठवायचं नाही, शिक्षकालासुद्धा नाही. 'सर, बघा काय आलंय' म्हणून मला पाठवलंत तर तुम्हीही पाठवणारे झालात. मोबाइल घेऊन या आणि त्याच मोबाइलवर दाखवा. ग्रुपचं नाव, पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख आणि वेळ वहीत लिहून ठेवा. इन्स्टाग्रामवर असेल तर लिंक लिहा. स्वतःच्या मोबाइलमध्ये प्रती करून साठवू नका, कारण अशी चित्रं बाळगणं हाही गुन्हा होऊ शकतो. आणि पोलीस सांगेपर्यंत ग्रुप सोडून, सगळं पुसून मोकळे होऊ नका. पुरावा जातो, चित्र मात्र बाकीच्यांकडे राहतं. `cybercrime.gov.in` वर महिला आणि मुलांविषयीच्या तक्रारीला नाव न देण्याची सोय आहे. 1098 हा मुलांसाठीचा फोन आहे, तो मूल स्वतः लावू शकतं.

फळ्यावर मी आणखी एक पत्ता लिहिला, `takeitdown.ncmec.org`. अठराच्या आत असताना आपलं नग्न किंवा तसलं चित्र पसरेल अशी भीती असेल तर तिथे जाता येतं. चित्र तिकडे चढवायचं नसतं. आपल्याच मोबाइलवर त्याचा एक आकड्यांचा ठसा बनतो, तेवढाच जातो, आणि सहभागी कंपन्या तो ठसा जुळणारं चित्र आपल्याकडे शोधतात. मर्यादाही सांगितली: व्हॉट्सअ‍ॅपच्या बंद ग्रुपमध्ये आत डोकावून ते शोधू शकत नाही, आणि चित्रात थोडाफार बदल केला तर ठसा जुळेलच असं नाही.

मग प्रश्न. पहिला हात दहावीतल्या एका पैलवान पोराचा, रोज तालमीत जातो तो. "सर, दोस्ताचं तोंड खासबागेतल्या पैलवानाला लावलं तर? त्योच म्हणाला होता लाव म्हणून." सभागृह हसलं. मी म्हटलं, तो म्हणाला ना? त्याला आधी दाखवलंस ना? मग बिनधास्त. तेवढ्यात मागून दुसरा म्हणाला, "त्यानं मला बाईच्या अंगावर लावला होता. मी हसलो, पण मला नव्हतं आवडलं." तो आठवीतला मुलगा होता आणि हे सहाशे नाही तरी तीनशे मुलांसमोर बोलला. तोवर माझ्या डोक्यात ही गोष्ट मुलींचीच होती. भाषणात मुलांवर असं होतं, त्याबद्दल एक ओळ नव्हती. दुसऱ्या तुकडीला बोलताना ती घातली.

व्यासपीठाजवळ तक्रारपेटी ठेवली होती, नाव न घालता चिठ्ठ्या टाका म्हणून. संध्याकाळी एकतीस निघाल्या. बऱ्याच कोऱ्या किंवा टवाळीच्या होत्या. एक होती, वहीच्या पानावर, अक्षर मुद्दाम वाकडं केलेलं: 'मी एकदा एका मुलीचं केलं होतं. कुणाला पाठवलं नाही. आता काय करू.'

या चिठ्ठीचं उत्तर मी दुसऱ्या दिवशी परिपाठात दिलं, तिचा उल्लेख न करता. अशी गोष्ट कुणाकडे असेल आणि ती कुठेच गेली नसेल तर आज घरी जाऊन पुसा. गॅलरीतून पुसल्यावर ती संपत नाही, गुगल फोटोजच्या कचरापेटीत बॅकअप घेतलेली गोष्ट साठ दिवस पडून राहते, तीही रिकामी करा. अ‍ॅपमध्ये स्वतःची गॅलरी असते, तिथलं पुसा, खातं बंद करा, मग अ‍ॅप काढा. नुसतं अ‍ॅप काढलं तर खातं तिकडेच राहतं. आणि तिचा फोटो एकदा त्या कंपनीच्या सर्व्हरवर गेला असेल तर तो परत आणणं तुमच्या हातात नाही. हे शेवटचं वाक्य मी हळू बोललो. कुणासाठी बोलतोय ते मला माहीत नव्हतं, पण त्यानं ते ऐकायला हवं होतं.

त्यानंतरचे दोन दिवस मी शाळेच्या पानावरचे जवळून काढलेले सगळे फोटो उतरवण्यात घालवले. सात वर्षांचे. उतरवलेले फोटो कुणी आधीच घेऊन ठेवले असतील तर त्यावर माझ्याकडे उपाय नाही. यापुढे स्नेहसंमेलनात लांबून, घोळक्याचे फोटो काढतो, आणि ते मी पानावर कमी आकाराचे टाकतो. त्यानं चेहरा अगदी निरुपयोगी होतो असं नाही, फक्त काम अवघड होतं.

आणि एक फॉर्म केला. पूर्वी प्रवेशाच्या वेळी पालकांची एक सरसकट सही असायची. आता तीन चौकटी आहेत: वर्गातल्या फलकावर फोटो चालेल का, शाळेच्या पानावर चालेल का, वर्तमानपत्रात चालेल का. खाली पालकांच्या सहीशेजारी मुलाचीही सही. ऑफिसातल्या भाऊंनी विचारलं, "पोरांची सही कशाला, सर? तिला काय किंमत?" मी त्यांना मामांची गोष्ट सांगितली.

ती मुलगी दिवाळीच्या सुट्टीनंतर रोज यायला लागली होती. तिचा फॉर्म सगळ्यांच्या शेवटी आला. तीन चौकटींपैकी दोनांत 'नाही' होतं. तिसरीत, वर्गातल्या फलकाच्या चौकटीत, 'हो' लिहून खोडलेलं, आणि त्यावर बारीक अक्षरात: 'आधी दाखवा, मग सांगते.'